पडद्यामागचा लाल ठिपका

तरणतलावावरची मुलं तिला मगरताई म्हणत. पाण्यात कोणी दंगा केला की ती बुडी मारून तळाशी जाई आणि खालून त्याचा पाय धरी, म्हणून. सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवं होता होता तिनेच हे रेडिओलॉजिस्टला सांगितलं होतं. आणि वर म्हणाली होती, की आता ही मगर काठावर बसून नुसती शिट्टी फुंकते.

तिच्या उजव्या कानात ठोके पडत होते. शिट्टी नाही, गुणगुण नाही, ठोके. मनगटावर बोट ठेवलं की अगदी त्याच ठेक्यात. जिना चढली की जलद, उशीला टेकली की मोठे. वर्षभर हे चाललं होतं. रात्री झोप लागेना, हे एक झालं. खरी अडचण तलावावर होती. त्या कानाने ऐकूही थोडं कमी यायला लागलं होतं. खोल बाजूने कोणी मूल हाक मारी तेव्हा ती ठोक्यांच्या आड दबून जाई, आणि एकदा एका मुलीने दोनदा हाक मारल्याचं तिला कळलंच नव्हतं. मुलगी काठाला धरून होती, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मगरताईने नवशिक्यांचा वर्ग घेणं सोडून दिलं. ऑपरेशनने हा आवाज जाणार असेल तर तिला ते उद्या नको, आज हवं होतं.

घरात आधी कोणाला खरं वाटलं नव्हतं. नवऱ्याने तिच्या कानाला कान लावून पाहिला आणि मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, हिच्या कानात घड्याळ चाललंय आणि भिंतीवरचं बंद पडलंय, जमलं तर अदलाबदल करून घ्या. पण सुनेला घेऊन दवाखाने फिरल्या त्या याच सासूबाई. पहिल्या डॉक्टरांनी थेंब दिले. दुसऱ्यांनी पाहून सांगितलं, पडद्यामागे पाणी साठलेलं दिसतंय, पडद्याला बारीकशी चीर देऊ, मोकळं होईल. सासूबाईंनी पर्स उचलली. “कान म्हणजे काय ब्लाउजपीस आहे, दिसलं की कातरायला?” असं म्हणून त्या सुनेला घेऊन बाहेर पडल्या, आणि मग या रुग्णालयात आल्या.

इथले कानाचे सर्जन सगळ्यांचेच ‘सर’ होते. सावकाश बोलणारे, त्याहून सावकाश हात चालवणारे. त्यांनी मायक्रोस्कोपखाली कान पाहिला. पडदा धड होता, कुठे भोक नाही, पू नाही. पण पडद्याच्या आड, खालच्या बाजूला आणि जरा पुढे, लालसर काहीतरी होतं, मसुराच्या डाळीएवढं. ते हलत होतं. सरांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि पुन्हा आत पाहिलं. नाडी आणि तो लाल ठिपका एकत्र उडत होते. सरांनी शेजारचा अवजारांचा ट्रे हाताने दूर सारला. पडद्यामागे लाल आणि उडणारं काही दिसलं की आधी आपले हात खिशात घालायचे, हे ते शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगत. सुई टोचून बघायचं नाही, तुकडा काढायचा नाही, आधी स्कॅन.

तो स्कॅन रेडिओलॉजिस्टने वाचला होता. तिला या खात्यात लागून फार दिवस झाले नव्हते, पण तिचं काम नीट असे आणि ते तिला माहीत होतं. कानाच्या पडद्यामागे लाल दिसण्याची कारणं तिला तोंडपाठ होती. रक्तवाहिन्यांनीच भरलेली एक छोटी गाठ असते, ग्लोमस. सगळ्यात जास्त आढळते ती तीच. कधी मानेतून डोक्यात जाणारी मोठी शीर वर चढलेली असते आणि तिच्यावरचं हाडाचं झाकण राहून गेलेलं असतं. ती बहुधा निळसर आणि मागच्या बाजूला दिसते. कधी गर्भातली एखादी बारीक धमनी मिटायची राहून जाते. आणि अगदी क्वचित मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनीच वाट चुकून कानातून जाते.

या रुग्णालयाची एक जुनी रीत होती. सरांना कानाच्या स्कॅनमधले काप, एकेका थराची चित्रं, समोरून लागत, म्हणजे चेहऱ्याला समांतर, कपाळापासून मागे मागे जाणारे. ऑपरेशन करताना त्यांच्या डोक्यात कान तसाच उभा असे. त्यामुळे सरांसाठी तेच काप निवडून एका शीटवर छापले जात, आणि हळूहळू खात्यातले सगळेच कानाचे स्कॅन आधी त्याच बाजूने वाचायला लागले होते. मशीन सगळ्या दिशांचे काप देत असे. पण ज्या बाजूने विचारलं जातं त्या बाजूने आधी पाहिलं जातं, आणि तिथे उत्तर मिळालं की हात आपोआप पुढच्या केसकडे जातो.

समोरच्या कापांत तिला उजव्या कानात, आतल्या भिंतीच्या फुगवट्याला टेकलेला, एक छोटा गोल दिसला. हाड कुठे कुरतडलेलं नव्हतं. तिने मोठ्या शिरेवरचं झाकण तपासलं. ते दोन्ही बाजूंना शाबूत होतं. हे आठवणीने तपासल्याचं तिला बरंही वाटलं. मग तिने लिहिलं: लहान ग्लोमस, मधल्या कानापुरता मर्यादित. सरांनी रिपोर्ट वाचला, शीट प्रकाशाला धरून पाहिली आणि ऑपरेशन ठरवलं. गाठ लहान होती. कानाच्या वाटेनेच आत जायचं, पडदा उचलायचा, गाठीला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या जाळायच्या आणि चिमट्याने ती सोडवून काढायची. अशा गाठी त्यांनी बऱ्याच काढल्या होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मगरताई वॉर्डच्या चपला फटफटवत रेडिओलॉजीच्या दारात उभी राहिली. स्कॅनच्या दिवशी तिने विचारलं होतं, माझ्या कानातलं मला बघायला मिळेल का, आणि रेडिओलॉजिस्टने हो म्हटलं होतं. लोक विचारतात आणि विसरतात. ही विसरली नव्हती. नवरा औषधं आणायला गेला होता, सासूबाई पलंगावर बसून पिशव्या सांभाळत होत्या, आणि ती सांगून आली होती की जरा पाय मोकळे करून येते.

खोलीत दिवे मंद होते. दोन मोठे स्क्रीन, एक जास्तीची खुर्ची, भिंतीवर एसीचा खरखराट. रेडिओलॉजिस्टने आधी तो छोटा गोल दाखवला. मगरताईने पुढे वाकून तो बराच वेळ पाहिला.

“एवढासा? एवढ्याशासाठी माझी झोप उडाली?”

मग तिने हळूच विचारलं, की सरांचा हात घसरला तर काय. भूल, टाके, कशाचीच भीती नाही म्हणाली, पण आत डोकं आहे आणि डोक्याच्या इतक्या जवळ कोणी चिमटा घालणार, याचं जरा वाटतं. रेडिओलॉजिस्टला तिचा स्वभाव आवडला होता. नुसतं काळजी करू नका म्हणण्यापेक्षा हिला दाखवावं, म्हणजे पटेल, असं तिने ठरवलं. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी गाठीपासून किती लांब आहे, मध्ये केवढं हाड आहे, ते दाखवायचं. त्यासाठी समोरचे काप उपयोगाचे नव्हते. तिने आडवे काप उघडले, मानेकडून वर वर जाणारे.

“आधी डावी बाजू बघू, चांगल्या कानाची. हे गोल भोक दिसतंय? कडेला पांढरं हाड आहे. धमनी मानेतून येते आणि या हाडाच्या बोगद्यात शिरते. आता मी वर सरकते. बघा, बोगदा वर चढला, आता पुढे वळला. आणि कान हा इकडे, बाहेरच्या बाजूला. मध्ये भिंत.”

“आणि उजवीकडे?”

“उजवीकडेही असंच.”

ती उजवीकडे आली. मानेपासून वर सरकली. मोठ्या शिरेचा खड्डा होता. त्याच्या पुढे ते गोल भोक असायला हवं होतं. तिथे सलग हाड होतं. तिने काप खाली नेले, पुन्हा वर आणले. बोगदा नव्हता. त्याऐवजी जरा मागे आणि बाहेरच्या अंगाला एक अरुंद वाट होती. एरवी तिथे केसासारखी बारीक नळी असते; ही रुंदावलेली होती. त्या वाटेतून एक करडी दोरी वर येऊन मधल्या कानात शिरत होती, आतल्या भिंतीच्या फुगवट्यावरून मागून पुढे जात होती, आणि पुढच्या हाडातल्या एका फटीतून आत शिरून थेट पुढच्या बोगद्याला मिळत होती. जो बोगदा डावीकडे व्यवस्थित खालून आला होता, त्यालाच.

समोरून पाहिलं की तो गोल होता. दोरी टोकाकडून पाहिली की गोलच दिसते.

रेडिओलॉजिस्टचा हात माऊसवर तसाच राहिला. तिच्या डोक्यात एक अगदी कोरडा विचार आला: उद्या सकाळी पहिली केस हीच आहे.

“काय झालं?” मगरताईने विचारलं. पाण्यातल्या मुलांचे चेहरे वाचायची तिला सवय होती.

“एक विचारते. हा आवाज वर्षभरच येतोय? त्याआधी कधीच नव्हता?”

“नाही हो. म्हणजे पाण्याखाली यायचा, लहानपणापासून. पण तो सगळ्यांनाच येतो ना?”

“एकाच कानात?”

मगरताई विचारात पडली. मग म्हणाली, हो, उजव्याच. तिला वाटायचं, प्रत्येकाचा एक कान पाण्याचा असतो.

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. आवाज कधीपासून, या प्रश्नाला तिने प्रत्येक दवाखान्यात वर्षभर असं उत्तर दिलं होतं, आणि ते तिच्या मते खरं होतं. वर्षभरापूर्वी आवाज पाण्याबाहेर आला होता. अशी गाठ जन्मापासून नसते. रक्तवाहिनी असू शकते.

रेडिओलॉजिस्टला आता दोन गोष्टी करता आल्या असत्या. काही नाही म्हणून तिला वॉर्डात परत पाठवायचं आणि मग सरांना फोन करायचा, रीतसर तेच. पण बाई शेजारी बसलेली होती, चित्र समोर होतं, आणि ते चित्र त्या बाईच्याच डोक्याचं होतं.

“ताई, मी लिहिलं ते चुकलंय असं मला वाटतंय,” ती म्हणाली. “ही गाठ नाही. ही तीच धमनी आहे, मी तुम्हाला लांब आहे म्हणून दाखवणार होते ती. तुमच्या उजव्या बाजूला ती कानातूनच जाते. उद्या ऑपरेशन होता कामा नये. मी सरांना आत्ता बोलावते.”

 मगरताईने मनगटावर बोटं ठेवली, सवयीने, आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

सर ओपीडी अर्धवट टाकून खाली आले ते कपाळाला आठ्या घालूनच. रेडिओलॉजिस्टने काही समजावलं नाही. उजवी बाजू मानेपासून वर सरकवली, मग डावी, मग पुन्हा उजवी. सरांनी तिच्या हातातून माऊस घेतला आणि स्वतः सरकवत राहिले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्या जागी जे आलं ते तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

“मी हे चिमट्यात धरून ओढणार होतो,” ते म्हणाले.

धमनी फाटली असती तर कानातून रक्ताची धार लागली असती. ती थांबवायची तर धमनी दाबून बंद करायची, आणि ती बंद केली की मेंदूचा अर्धा भाग जाऊ शकतो. हात, पाय, बोलणं, कदाचित जीव. हे खोलीतल्या दोघांना माहीत होतं आणि तिसरीला चेहऱ्यांवरून कळलं होतं. सरांनी तिच्याकडे वळून सगळं साध्या शब्दांत सांगितलं, काही लपवलं नाही. ऑपरेशन रद्द. उद्या फक्त एक तपासणी: हाताच्या शिरेतून औषध सोडून पुन्हा सीटी, या वेळी नुसत्या धमन्यांचा, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

ती गेल्यावर सर म्हणाले, समोरचेच काप मागून मागून ही सवय मीच लावली तुम्हा लोकांना. रेडिओलॉजिस्ट म्हणाली, सर, मशीनने सगळे काप दिले होते, मी उघडले नाहीत. सरांनी मान डोलावली. चूक तुझी नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि तिला ते बरं वाटलं.

वॉर्डात सासूबाईंनी हंगामा केला. काल गाठ होती, आज नाही, उद्या काय म्हणणार, कानच नाही म्हणून? मुलाने आई, आई म्हणत त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला. रेडिओलॉजिस्ट स्वतः तिथे गेली होती. चूक माझी, असं तिने सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कळली कशी?”

“तुमच्या सुनेला चित्र दाखवत होते तेव्हा.”

“म्हणजे ही खाली आली नसती तर?”

  सासूबाई सुनेच्या पलंगावर बसल्या आणि तिच्या पायावरची चादर उगाच नीट करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी ती ऑपरेशनच्या टेबलावर असती, मगरताई सीटीच्या टेबलावर होती. औषध गेलं तेव्हा अंगभर ऊब पसरली, असं तिने मायक्रोफोनमधून सांगितलं. काचेपलीकडे रेडिओलॉजिस्ट आणि सर दोघे उभे होते. या वेळी काप मानेपासून सुरू झाले. दोन्ही बाजूंच्या धमन्या पांढऱ्याशुभ्र भरल्या होत्या. डावी सरळ बोगद्यात गेली. उजवी कवटीच्या तळाशी निमुळती झाली, बाहेर वळली, कानात शिरली, भिंतीवरून गेली आणि पुढच्या बोगद्यातून मेंदूकडे निघून गेली. मध्ये कुठे तुटली नाही, कुठे फुगली नाही. जिथे ती पडद्याला जवळजवळ टेकत होती, तिथेच बाहेरून लाल ठिपका दिसत होता. रेडिओलॉजिस्टने ती तिन्ही दिशांनी पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून.

नवा रिपोर्ट तिने तिथेच बसून लिहिला. जुना खोडला नाही. तो चुकीचा होता आणि का, हेही त्यात लिहिलं.

सरांनी घरच्यांना बोलावून बसवलं. ही वाट जन्मापासूनची आहे, ते म्हणाले. तिला हात लावायचा नाही. कोणत्याही डॉक्टरने या कानाच्या पडद्याला चीर द्यायची म्हटली, सुई घालायची म्हटली, तर आधी हा स्कॅन दाखवायचा. चीर द्यायला निघालेल्या त्या दुसऱ्या डॉक्टरांचा विषय निघाला तेव्हा नवऱ्याने आईकडे पाहिलं, आणि सासूबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. आवाज वर्षभरात का वाढला, हे सरांना नक्की सांगता येत नव्हतं. रक्त थोडं कमी आढळलं होतं. रक्त पातळ असलं की धमनीतून ते जोरात जातं, तेव्हा औषध घेऊन काही फरक पडतो का बघू. झोपताना खोलीत हलका आवाज सुरू ठेवायचा, पंख्याचा किंवा रेडिओचा, म्हणजे ठोके कमी टोचतील. कमी ऐकू येतं त्यासाठी कानाचं मशीन लावून पाहता येईल.

“पण जाणार नाही,” मगरताई म्हणाली.

“नाही,” सर म्हणाले.

बाकीचे बाहेर पडल्यावरही ती बसून राहिली. रेडिओलॉजिस्ट तिच्या हातातली सुई काढायला थांबली होती; नर्स दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती. तिने चिकटपट्टी सोडवली, सुई काढली आणि कापसाचा बोळा दाबून धरला.

“तुमचा राग यायला हवा मला,” मगरताई म्हणाली. “रात्री प्रयत्न करून बघितला. पण राग यायला लागला की ठोके वाढतात, आणि मग तेच ऐकत बसावं लागतं.”

 रेडिओलॉजिस्ट बोळा दाबून उभी राहिली.

“एक खरं सांगा. हा जो आवाज आहे, ते रक्त डोक्यात चाललेलं आहे?”

“हो.”

“रोज, असंच, कायम?”

“हो.”

मगरताईने बोळा स्वतःच्या बोटाने धरला आणि कोपर दुमडून घेतलं. मग म्हणाली, की नवशिक्यांचा वर्ग तिला परत घ्यायचा आहे, पण एकटीने नाही. खोल बाजूला तिच्याबरोबर कोणीतरी उभं राहायला हवं, डाव्या कानाच्या बाजूने हाक मारणारं. तलावाच्या साहेबांना हे सांगायचं तर ते कारण विचारणार, आणि तिच्या तोंडून ऐकलं तर त्यांना थाप वाटणार. डॉक्टर दोन ओळी लिहून देतील का?

रेडिओलॉजिस्टने कागद ओढला. लिहिता लिहिता तिने विचारलं, साहेबांना कळेल अशा भाषेत लिहू ना. मगरताई म्हणाली, हो, आणि धमनी वगैरे खाली लिहा. वर लिहा की मुलांच्या हाका ऐकायला दुसरा माणूस पाहिजे. ते आधी वाचतील.